चारशे शब्दांची यादी आणि एकतीस खणांचं खोकं

प्रश्न: मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडचे बरेच पेशंट येतात आणि त्यातल्या वयस्कर लोकांना मराठी कमी कळतं. म्हणून कन्नड शिकायला घेतलं. चारशे शब्दांची यादी मिळाली, रोज पन्नास पाठ करते. त्या रात्री सगळे येतात, आठवड्यानं निम्मेही आठवत नाहीत आणि पेशंट समोर आला की तेवढेही सुचत नाहीत. थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी करायची पद्धत चांगली असं ऐकलंय. ती नेमकी कशी करायची?

उत्तर:

तुमची यादी न पाहताही सांगते, पहिल्या पानावर डोक्यापासून पायापर्यंतचे अवयव ओळीनं असतील. तले, कण्णु, किवि, मूगु, असे. पाठ करताना ही ओळच तुमचं निम्मं काम करते. कण्णु म्हटलं की मागोमाग किवि येतं, जसं पाढा म्हणताना छत्तीसनंतर अठ्ठेचाळीस आपसूक तोंडात येतं. पण 'बारा चोक किती' असं कुणी मध्येच विचारलं की आपण मनातल्या मनात पहिल्यापासून पाढा सुरू करतो. तुमचं पेशंटसमोर तेच होतंय. निपाणीची आजी थेट गुडघ्यापासून सुरुवात करते आणि तुम्ही तिथे डोक्यापासून उतरत येता.

दुसरी गोष्ट यादीच्या मांडणीत आहे. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. पाच-सहा वेळा वाचलं की शब्द ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच 'येतो' म्हणतो. ओळखणं वेगळं, झाकलेला शब्द स्वतः काढून आणणं वेगळं. २००८ साली अमेरिकेत कार्पिक आणि रोडिगर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द शिकवून हे तपासलं. एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा आठवायला लावलेल्या गटांना आठवड्यानं सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना तो फक्त पुन्हा वाचायला दिला, पण आठवायला लावला नाही, त्यांना साधारण ३५ टक्के. म्हणजे उजळणी म्हणजे वाचन नव्हे. उजळणी म्हणजे दर वेळी एक छोटी परीक्षा.

अंतराचं म्हणाल तर तेही नवं नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. बारा निरर्थक अक्षरगटांची ओळ एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावर झाला. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. म्हणून पहिली भेट लवकर आणि पुढच्या भेटी लांब लांब ठेवायच्या.

आता कामाला लागू. माझं माहेर निपाणीचं, सासर कोल्हापूरचं. इथल्या बँकांतल्या आणि दवाखान्यांतल्या लोकांना मी बरीच वर्षं बोलीभाषेतलं कन्नड शिकवते. आलेल्या प्रत्येकाची यादी मी आधी चाळणीतून काढते. ज्वर, रक्त, औषध, वांति हे शब्द तुम्हाला फुकट मिळालेत. त्यांची कार्डं करू नका. 'सावकाश' तर आमच्याकडे जसाच्या तसा चालतो, पेशंटला 'सावकाश' म्हटलंत तरी कळेल. मग जे शब्द तुमच्या खोलीत कधीच उच्चारले जाणार नाहीत ते काढा. पाल, इंद्रधनुष्य, मामेभाऊ. चारशेची यादी बहुतेक वेळा अडीचशेच्या आत येते.

उरलेल्यांचे तीन ढीग करा, कारण प्रत्येक ढिगाचं कार्ड वेगळं असतं. पहिला ढीग तुम्ही बोलायच्या शब्दांचा: दुमडा, उचला, बसा. यांच्या कार्डावर प्रश्नाच्या बाजूला मराठी लिहा आणि पलीकडे कन्नड. दुसरा ढीग पेशंटनं म्हणायच्या शब्दांचा: मुंग्या येतात, जड वाटतं, झोप लागत नाही. हे तुम्हाला कळले की पुरे, म्हणता आले नाहीत तरी बिघडत नाही. यांच्यावर प्रश्नाच्या बाजूला कन्नड. तिसरा ढीग दोन्हीकडून लागणाऱ्या शब्दांचा, मुख्यतः अवयव आणि दुखणी. यांचीच तेवढी दोन-दोन कार्डं करायची. बहुतेक लोक सगळ्या शब्दांची दोन्ही बाजूंनी कार्डं करतात आणि कामाचा बोजा उगीच दुप्पट करून ठेवतात.

कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात, मागची बाजू कोरी असते, आणि प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतोच. त्या एका मापात कापा. खोक्यासाठी चप्पल लाईनमधून आणलेल्या चपलांचा पुठ्ठ्याचा बॉक्स चालतो. त्यात पुठ्ठ्याच्या एकतीस पट्ट्या उभ्या लावा आणि त्यांवर १ ते ३१ आकडे टाका. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत पाच कप्पे असतात, आणि कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात जातं. मीही आधी तसंच शिकवायचे. पण 'दुसरा कप्पा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ दिवसांनी' असं ठरवलं की मधूनच एक दिवस असा येतो की सगळे कप्पे एकदम उघडावे लागतात. त्या दिवशी समोर दीड-दोनशे कार्डं पडतात आणि माणूस खोकं माळ्यावर टाकतो. तारखांच्या खणांत ही भानगड नाही. आज ज्या तारखेचा खण, त्यातली कार्डं काढायची आणि संपवायची. पिग्मीवाला आपल्या वहीत तारखेप्रमाणे जातो, तसं.

एका कार्डाचा प्रवास सांगते. समजा ३ जूनला संध्याकाळी तुम्ही 'गुडघा' हे कार्ड केलं, पाठीमागे 'मोणकालु'. मराठी बाजू बघायची, कन्नड शब्द मोठ्यानं म्हणायचा, मगच उलटायचं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा. आला, तर कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ठिपका द्या आणि कार्ड ४ च्या खणात टाका. ४ तारखेला आला, दुसरा ठिपका, आता तीन दिवसांनी म्हणजे ७ च्या खणात. ७ ला आला, तिसरा ठिपका, सात दिवसांनी १४ ला. १४ ला आला, चौथा ठिपका, पंधरा दिवसांनी २९ ला. २९ जूनला आला, पाचवा ठिपका, तीस दिवसांनी २९ जुलै. त्या दिवशीही आला तर कार्ड खोक्यातून बाहेर, वेगळ्या पाकिटात. पहिल्या दिवसानंतर पाच भेटी, जवळपास आठ आठवडे, आणि सगळा वेळ मिळून एक मिनिटही नाही.

मधे कुठेही अडलात तर एक सोडून सगळे ठिपके खोडरबरनं पुसा आणि कार्ड उद्याच्या खणात टाका. चार ठिपके पुसताना जीवावर येतं, लोक 'जवळजवळ आला होता' म्हणून स्वतःला पास करतात. तसं करू नका. चार-पाच सेकंदांत तोंडातून आला नाही तर तो आला नाही. पेशंट टेबलावर पाय वर करून थांबलेला असतो, त्यापेक्षा जास्त वेळ तुम्हाला मिळणार नाही.

आता या गणिताचा गाभा. प्रत्येक कार्डाला पाच भेटी लागतात, म्हणून रोज जितकी नवी कार्डं घेत राहाल त्याच्या पाचपट रोजची उजळणी दोन महिन्यांत होऊन बसते. रोज आठ नवी घेतलीत तर चाळीस जुनी आणि आठ नवी. चुकलेली पुन्हा येतात ती धरून पन्नास-पंचावन्न. एका कार्डाला दहा सेकंद धरली तर नऊ-दहा मिनिटं. दोन पेशंटांच्या मधला चहा संपेपर्यंत होतं. तुमच्या पन्नासच्या वेगानं गेलात तर अडीचशे जुनी आणि पन्नास नवी, म्हणजे पाऊण तासाच्या वर, आणि तेही सगळं बरोबर आलं तर. पहिला आठवडा मजेत जातो, कारण जुनी कार्डं अजून साठलेली नसतात. बोजा नंतर येतो. म्हणून आधी ठरवा की उजळणीला रोज किती मिनिटं देता येतील आणि त्यावरून नव्या शब्दांचा आकडा काढा. अडीचशे कार्डं रोज आठप्रमाणे महिन्याभरात खोक्यात जातात. त्याहून घाई कशाला?

वेग बरोबर आहे की नाही ते खोकंच सांगतं. ठरल्या तारखेला निघालेल्या दहा कार्डांतली नऊ यायला हवीत. सातच्या खाली आलात तर आठवडाभर नवी कार्डं बंद. दहाच्या दहा रोज येत असतील तर तुम्ही फार सोपी कार्डं केलीत किंवा उगीच लवकर भेटताय.

यादीची आणखी एक खोड कार्डांतही शिरते आणि तुमच्या कामात ती धोक्याची आहे. यादीत जोड्या शेजारी असतात: उजवा आणि डावा, उचला आणि खाली घ्या. एकाच दिवशी शिकलेल्या जोड्या डोक्यात एकमेकींना चिकटतात. दोन्ही शब्द आठवतात, फक्त कुठला कुणाचा ते आठवत नाही. आणि ऑपरेशन झालेला पाय डावा असताना तुम्ही उजवा उचलायला सांगता. म्हणून जोडीतला एकच शब्द आधी घ्या. 'बल' म्हणजे उजवा. बहुतेकांचा बळ असलेला हात उजवा, त्यामुळे मराठी माणसाला हा विसरायला होत नाही. 'बलगै' उजवा हात, 'बलगालु' उजवा पाय. त्याला चार ठिपके मिळाल्याशिवाय 'एड', म्हणजे डावा, खोक्यात आणायचाच नाही. तसंच 'एत्ति' म्हणजे उचला, हे घट्ट झाल्यावर 'इळिसि', खाली घ्या. अवयवांचंही तेच. एका दिवसाच्या आठ नव्या कार्डांत दोन-तीन अवयव, दोन सूचना, एखादं दुखणं, एखादा वेळेचा शब्द, अशी मिसळ असू द्या. कोल्हापुरात मिसळीचं महत्त्व मी सांगायला नको.

तरीही काही कार्डं हटवादी निघतात. एखाद्या कार्डाचे ठिपके चौथ्यांदा पुसायची वेळ आली की ते खोक्यात परत टाकू नका. तो शब्द अवघड नसतो, त्याच्या आड दुसरा कुठला तरी शब्द उभा असतो. तो शोधा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला 'सूजि' काही केल्या बसेना. कन्नडमध्ये सूजि म्हणजे सुई, इंजेक्शन. मराठी कानाला ती सूज ऐकू येते. एकदा एक आजी 'सूजि ब्याड, सूजि ब्याड' म्हणत राहिली, म्हणजे इंजेक्शन नको, आणि ही मन लावून तिचा गुडघा दाबून सूज कुठे आहे ते बघत राहिली. आजीला वाटलं आता इथेच टोचणार. आम्ही ते कार्ड फाडलं आणि नवं केलं. प्रश्नाच्या बाजूला नुसता 'सूजि' नाही, तर आजीचं अख्खं वाक्य 'सूजि ब्याड' लिहिलं. सुजेला कन्नडमध्ये 'ऊत' म्हणतात, त्याचं कार्ड तीन आठवड्यांनी केलं, दुधाला ऊत येतो तसा गुडघ्याला ऊत आला अशी खूण बांधून. त्यानंतर दोन्ही शब्द हलले नाहीत.

असाच एक चकवा 'कालु'चा. कालु म्हणजे पाय. आमच्याकडे बोलताना शेवटचा उ जवळपास गिळतात, त्यामुळे पेशंट म्हणतो 'काल', आणि तुम्ही विचारता, काल काय झालं? त्यात 'कल्लु' म्हणजे दगड, त्यातला जोडाक्षरावरचा ठोसा मराठी माणूस हलका करतो. कार्डावर असं अक्षर गडद करून लिहा. आणि म्हणताना तिथे थांबा, नाहीतर दगड म्हणायच्या जागी पाय म्हणाल.

यावरून यादीबद्दलची माझी मुख्य तक्रार सांगते. छापील याद्या बंगळुरूकडच्या किंवा पुस्तकी कन्नडच्या असतात. त्यात 'बसा'ला 'कुळितुकोळ्ळि' असतं. चिकोडीची म्हातारी ते समजेल, पण ती स्वतः 'कूड्रि' म्हणते. पुस्तकात 'तले', 'होट्टे', तिच्या तोंडी 'तलि', 'होट्टि'. पुस्तकात 'इदे', म्हणजे आहे, तिच्या तोंडी 'ऐति'. दुखण्याला नोवु आहेच, पण 'ब्यानि'ही ऐकू येईल. चुकीचं रूप पाच ठिपक्यांपर्यंत पक्कं करून ठेवलंत तर ते तेवढंच घट्ट बसतं. पद्धत बरोबर-चूक ओळखत नाही. म्हणून कार्ड करायच्या आधी ते एकदा तिकडच्या माणसाकडून तपासून घ्या. तुमच्या दवाखान्यात कन्नड बोलणारी एखादी मावशी असेलच.

तिचा आणखी एक उपयोग आहे. दुसऱ्या ढिगातली, म्हणजे पेशंटच्या तोंडची कार्डं तुम्ही डोळ्यांनी वाचून शिकलात तर कानाला कळणार नाहीत. आठवड्यातून एकदा त्या दिवसाची ही कार्डं मावशीच्या हातात द्या. तिला देवनागरी वाचता येत असेल तर ती तिच्या वेगानं वाचेल, तुम्ही मराठीत अर्थ सांगायचा. पहिल्यांदा फजिती होते. जे शब्द खोक्यात चार ठिपक्यांचे आहेत तेही कळत नाहीत, कारण ती ते तोडून म्हणत नाही. तेव्हा ठिपके पुसू नका, त्या शब्दाचं वाक्य करून नवं कार्ड घाला.

वाक्यांचं म्हणाल तर सूचनांची कार्डं सुरुवातीपासून दोन शब्दांचीच करा. 'मडचि' म्हणजे दुमडा, पण तुम्ही नुसतं दुमडा कधी म्हणणार? 'मोणकालु मडचि' असंच लिहा. तीनपेक्षा जास्त शब्द मात्र एका कार्डावर नकोत, कारण मग चुकलं नेमकं कुठे तेच कळत नाही. क्रियापदांची रूपं आणि वाक्यरचना या खोक्यातून येणार नाहीत. ते बोलूनच येतं.

फोनवर करायचं असेल तर Anki वापरा. अँड्रॉइडवर त्याचं AnkiDroid मोफत आहे. तारखा ते स्वतःच सांभाळतं आणि कार्डाला आवाज जोडता येतो, त्यामुळे मावशीचं वाचन एकदाच रेकॉर्ड करून ठेवता येतं. कागदापेक्षा तेवढाच खरा फायदा. दोन गोष्टी बदला. New cards/day तिथे मुळात २० असतं, ते ८ करा. आणि विसरलात की Again दाबा, Hard नाही. Hard म्हणजे 'आला, पण कष्टानं'. विसरलेल्या कार्डाला Hard दाबलं की यंत्राला ते आलं असंच वाटतं आणि ते त्याला पुढे ढकलतं. महिन्यानं लोक म्हणतात ॲप कामाचं नाही.

मधे खंड पडणारच. घरात लग्न निघतं, नवरात्रात पाहुण्यांनी घर भरतं, पाच-सात खण तसेच राहतात. परत आल्यावर नवी कार्डं पूर्ण बंद ठेवा आणि थकलेली सगळी एकत्र करून कमी ठिपक्यांची आधी घ्या, रोज साठपर्यंत. एक-दोन ठिपक्यांची कार्डं निम्मी विसरलेली असतील, ती उद्याच्या खणात. चार-पाच ठिपक्यांची मात्र आठवडा उशिरा भेटूनही बहुतेक येतात. ती आली की तारीख चुकली म्हणून मागे आणायची नाहीत, नेहमीसारखा ठिपका देऊन पुढे पाठवायची.

पहिल्या दिवसाची आठ कार्डं सांगते, म्हणजे आज रात्रीच सुरू करता येईल: 'मोणकालु' गुडघा, 'बेन्नु' पाठ, 'नोवु' दुखणं, 'कूड्रि' बसा, 'कालु एत्ति' पाय उचला, 'बल' उजवा, 'इवत्तु' आज, आणि 'एल्लि' कुठे. उद्या पहिल्या पेशंटला 'एल्लि नोवु?' एवढं विचारून बघा. तो बोट ठेवून दाखवेल. 'एड' आणि 'इळिसि' अजून बारा दिवस काढू नका.